आत राहिलेली नळी

मोहिचेहराला सासूबाईंनी बाळंतिणीसारखं चाळीस दिवस अंथरुणावर बसवलं, तेव्हा सनोबरला पहिल्यांदा तिचा हेवा वाटला. ती स्वतः खरी बाळंतीण असताना नणंदेचं लग्न निघालं होतं. चिल्ला, म्हणजे बाळंतिणीचे चाळीस दिवस, अर्धवट सोडून ती तंदूरशी उभी राहिली होती. आणि या धाकट्या जावेला, मोहिचेहराला, काय झालं, तर मुतखडा. तोही दुर्बिणीने काढलेला, वरून एक टाकासुद्धा नाही.

"ताई, परत लागली गं," म्हणत मोहिचेहरा दर घटकेला अंगणापलीकडे धावे. येताना कमरेवर हात असे. "लघवी करताना कुशीत वरपर्यंत दुखतं."

"माझी पोर," सासूबाई म्हणत आणि सूपमधली चांगली बोटी तिच्या वाडग्यात टाकत.

सनोबर बाळाला पाजत राही. हे असं होणारच, हे डॉक्टरांनी दवाखान्याच्या ओसरीवर तिलाच सांगितलं होतं. मूत्रनळीला सूज आहे, वाट बंद पडू नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत एक बारीक नळी ठेवलीय. घाई होईल, कूस दुखेल, लघवी लालसर येईल. थंडीताप आला तर लगेच या, आणि नळी काढायला महिन्याने नक्की या. मोहिचेहरा तेव्हा गुंगीत होती. पुढे नर्सने लघवीच्या पिशवीची नळी काढली, ती सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिली. "सुटली बाई नळीतून," त्या म्हणाल्या. आतली वेगळी, हे सनोबरने तेव्हा सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणाली. मग रोज उद्याच.

चिल्ला संपला. मोहिचेहरा नवऱ्याकडे रशियात, कझानला निघाली. नवरा तिला बोलावत होता. सनोबरचा नवराही तिकडेच कामाला होता, पण त्याने दोन वर्षांत तसं एकदाही म्हटलं नव्हतं. जाऊ दे, सनोबरला वाटलं. घर तरी माझं होईल.

सासूबाईंनी रीतीप्रमाणे गरम नान पुढे केला. मोहिचेहराने एक घास तोडला. उरलेला नान ती परतेपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायचा, म्हणजे माणूस घरी परततं. टांगायचं काम सनोबरचं.

खिळ्यावर मागच्या वर्षी कझानला गेलेल्या दिराचा, मोहिचेहराच्या नवऱ्याचा, नान होता. हात लागला, तर दगड. तिला डॉक्टरांचे शब्द आठवले: राहून गेली तर नळीवरच खडे चढतात, ती अडकते, मूत्रपिंड निकामी होतं, मग काढायला मोठी शस्त्रक्रिया.

"तिच्या आत अजून नळी आहे," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"काढली ना ती?" सासूबाईंनी विचारलं.

"ती पिशवीची. ही आतली. दिसत नाही. मुदत झालीय."

"आणि तू हे आत्ता सांगतेस?" सासूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

मोहिचेहराने बॅग खाली ठेवली. "ताई, ती काढताना दुखतं?"

"दुर्बिणीने ओढतात, काही मिनिटंच. चरचरेल."

"तू येशील?"

सनोबरने बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. "कणीक भिजवलेली आहे, आई. तंदूर तुम्ही बघा," ती म्हणाली. हे म्हणताना तिला जरा बरं वाटलं, ते तिने लपवलं नाही.