गुंडीचे चांगले दिवस

शिंप्याने पत्र उघडलंच नाही. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी 'आता तिला निरोप द्यायचा का, यावर विचार करा' म्हटल्यावर तो आपल्या कुत्रीला, गुंडीला, कडेवर घेऊन तरातरा निघून आला होता. म्हणून बाईंनी लिहून पाठवलं. शेवटी लेकीनेच दुकानात ते मोठ्याने वाचलं.

"निर्णय तुमचाच आहे. मी फक्त कसं बघायचं ते सांगते. दुखणं आणि श्वास, खाणं, पाणी, अंगाची स्वच्छता, उठणं-चालणं, आनंद, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्या, दहा म्हणजे सगळं ठीक. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे. बेरीज निर्णय देत नाही, पण मायेपोटी आपण कशाकडे डोळेझाक करतो ते कळतं. कुत्री दुखणं लपवतात. ओरडत नाही म्हणून दुखत नाही, असं धरू नका."

"खाण्याला दहा," शिंपी ताडकन म्हणाला.

"तुम्ही घास तोंडात कोंबता म्हणून," बायको म्हणाली. "भांड्याकडे ती ढुंकून बघत नाही. मूत्रपिंडं गेलीत तिची, मळमळत असेल. आणि मागचे पाय? रोज तिच्या अंगाखालचं ओलं मी काढते. कमरेवरची जखम कधी बघितलीत?"

"तुला तर ती नकोशीच झालीय!"

बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली. लेकही बापाकडे न बघता तिच्यामागे गेली.

शिंपी चिडूनच गुंडीजवळ बसला. जखम बघायला त्याने तिला हलकेच कुशीवर वळवलं, आणि जन्मात कुणावर न गुरगुरलेल्या गुंडीने त्याचा हात करकचून धरला. दात रुतले. लगेच तिने हात सोडला, कान पाडले आणि रक्त आलं होतं तिथे चाटू लागली. त्याला जखम दिसली. आत मांस दिसत होतं.

"बाईंना फोन लाव," त्याने लेकीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरीच आल्या. त्यांनी आधी शिंप्याच्या हाताकडे बघितलं. "हा चावा आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा, हयगय नको." मग सगळ्यांना समजावलं, "पहिल्या इंजेक्शनने ती गाढ झोपेल. दुसरं शिरेतून, त्याने हृदय थांबेल. डोळे उघडे राहतील, एखादा श्वास आल्यासारखा वाटेल, घाबरू नका." गुंडीचं डोकं बायकोने मांडीवर घेतलं. शिंप्याने पंजा धरला. पंजा सैल पडला. बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मान हलवली.

त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्यावर शिंप्याने विचारलं, "उशीर केला ना मी?"

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "थोडा," त्या म्हणाल्या.

तो घरात आला. बायको चादरीची घडी घालत होती. तो दुसरं टोक धरायला गेला. तिने ते त्याच्या हातात दिलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.