अनुक्रमणिकेत आलेली देवकाबाई

चोरखमारा तलावाच्या पाण्यावरचा माझा प्रबंध संध्याकाळपर्यंत बांधणीला द्यायचा होता. मार्गदर्शकांच्या दुरुस्त्या घालून मी संगणकावर अनुक्रमणिका नव्याने काढली आणि गोंधळून गेलो. माझे चौथे प्रकरण पाचवे झाले होते. चौथ्याच्या जागी एकच ओळ होती: ‘पानी आमच्या बांधीपर्यंत येऊनच नाही राहिलं.’

फुलचूर गावातल्या माझ्या खोलीत शेजारी बसलेली माझी सहाध्यायी रुची हसली. “काऊन रे, मुलाखतीतल्या देवकाबाईले प्रकरण करून टाकलास?”

बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाण्याची वाट पाहणाऱ्या देवकाबाईचे ते वाक्य परिच्छेदातून वेगळे काढताना त्याला चुकून प्रकरण-शीर्षकाची शैली लागली होती.

“साधा मजकूर कर,” रुची म्हणाली. “अन् नुसते पृष्ठक्रमांक नको, पूर्ण अनुक्रमणिका अपडेट कर.”

मी तसे केले. ओळ नाहीशी झाली, क्रम जुळले. प्रत्येक शीर्षक पानाशी ताडून पाहिले. सारे बरोबर होते. तरीही ती ओळ होती तिथे पाहताना काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. तिसऱ्या प्रकरणात ‘सिंचनातील विषमता’ असे एक उपशीर्षक होते. ते पुसून मी तिथे देवकाबाईचे वाक्य लिहिले, उपशीर्षकाच्याच शैलीत, आणि अनुक्रमणिका पुन्हा अपडेट केली; ओळ तिसऱ्या प्रकरणाखाली परत आली.

“सरांनी विचारलं तर?”

“माहीत नाही,” मी म्हणालो आणि छपाईची आज्ञा दिली.