मुदतीत न पोचलेला होकार

"उमेदवाराने विहित मुदतीत स्वीकृती न कळवल्याने नियुक्तीचा प्रस्ताव आपोआप रद्दबातल झाला आहे," असे कंपनीने तिला अधिकृतपणे कळवले. वाक्य देखणे होते. त्यात खरे एवढेच होते, की प्रस्ताव रद्दबातल झाला आहे.

मूळ ईमेलमध्ये सगळे रीतसर होते. पद संगणक यंत्रणा प्रशासकाचे, पगार मुलाखतीत ठरलेला, रुजू होणे येत्या एक तारखेला. पदवी, अनुभवाचा दाखला, ओळखपत्र आणि मागच्या तीन पगारपावत्या जोडून 'याच ईमेलला' शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचे होते. तिने बुधवारीच सगळे जोडून होकार पाठवला आणि जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. जुन्या साहेबांनी तो इतक्या तत्परतेने मंजूर केला, की तिचा चहाचा कप विसळेपर्यंत खुर्चीत साहेबांचा मेव्हणा येऊन बसला. परतीची वाट बंद झाली होती.

"तू हो म्हणालीस, मग त्यांना ऐकू कसं गेलं नाही?" आईने विचारले. "लग्नातसुद्धा तू असंच पुटपुटली होतीस."

"आई, ईमेलला आवाज नसतो."

"तेच म्हणतेय मी. फोन करायचा होतास."

सोमवारी ती पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत घेऊन थेट कंपनीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यासमोर बसली. संतापाने तिचा आवाज उलट आणखी सभ्य झाला होता.

"आमच्याकडे उत्तर आलेलं नाही, मॅडम."

"माझा ईमेल परत आलेला नाही, म्हणजे तो तुमच्या पेटीत पडला आहे. पेटी पाहिलीत?"

"प्रस्ताव सॉफ्टवेअर पाठवतं. आम्ही नाव, पद, पगार भरतो नि बटण दाबतो. मुदत संपली, की रद्द केल्याचं पत्रही तेच पाठवतं."

"आणि आलेली उत्तरं कोण वाचतं?"

अधिकाऱ्याने टेबलावरचा टाचणीचा डबा थोडा डावीकडे सरकवला. "ती तांत्रिक बाब आहे."

"म्हणजे पेटी न उघडताच ती रिकामी आहे, हे तुम्हाला कळलं. ही सिद्धी मोठी आहे. एवढं कारण लेखी द्या, मी निघते."

"लेखी कशाला? बोलून मिटवू ना, ताई."

मॅडमची ताई झाली, तेव्हा बाजू पलटली हे तिने ओळखले. तिने प्रत उलटी करून कोरी बाजू पुढे केली आणि वर पेन ठेवले. बराच वेळ खाकरून त्याने लिहिले, सही केली, शिक्काही मारला. तो मजकूर अक्षरशः असा:

"सदर पेटी चार महिने उघडलेली नाही, कारण तिचा पासवर्ड केवळ माजी संगणक यंत्रणा प्रशासकांस ठाऊक होता व ते तो न सांगता निघून गेले. त्यांच्या जागी निवडलेल्या तिन्ही उमेदवारांनी उत्तर दिले नाही, असा आमचा समज होता. सबब मुदत वाढवण्यात येत असून उमेदवाराने शक्यतो उद्याच रुजू व्हावे."