थर्मास चांगला आहे

बुधवारी दुपारी ड्वेनने अर्विडचा थर्मास घरी आणून दिला. अर्विड लाहती बर्फ काढायच्या गाडीवर होता आणि ड्वेन त्याच्याच डेपोतला. मंगळवारी सकाळी नऊला वायरलेसवर निरोप आला होता, की त्याची बायको एल्ना दुकानात कोसळली. अर्विड गाडी रस्त्यातच सोडून दुसऱ्याच्या ट्रकमधून दवाखान्यात धावला. पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. गाडी नंतर कुणीतरी डेपोत आणली, थर्मास तिच्यातच राहिला.

तेव्हापासून अर्विडला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. लोक येत होते, जेवणाची भांडी ठेवून जात होते, तो मान हलवत होता. रडू येत नाही याचीही त्याला लाज वाटत नव्हती, आणि हे काही बरं लक्षण नव्हे एवढं त्याला कळत होतं.

एल्नाची थोरली बहीण हिल्मा सिंकपाशी भांडी घासत होती. तिने थर्मास उचलून हलवला. "अजून आहे की यात. दे, ओतून टाकते."

"ओतू नकोस," अर्विड म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला होता.

हिल्माचा हात थांबला. कॉफी एल्नाने मंगळवारी पहाटे चारला भरली होती. आता तिच्या हातची तेवढीच उरली होती, मोजून दोन कप.

"मग गरम करून घे ना," ड्वेन म्हणाला. त्या बापड्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. "मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. कॉफी ती कॉफीच."

"उकळलेली कॉफी मोजे रंगवायला बरी," हिल्मा म्हणाली. "तुला चव कळते कुठे? तुझ्या थर्मासातली प्यायले मी एकदा. चमचा चाटल्यासारखं वाटलं!"

"पोलादाचा थर्मास, पोलादाची चव. अर्विडचाच तेवढा चांगला निघाला, त्याला ती चव नाही." ड्वेनने एव्हाना एक कप ओतून आत ठेवलाही होता. अर्विडने त्याला अडवलं नाही. अडवायचं तर आधी काही वाटायला हवं.

कप बाहेर आला तेव्हा बुडबुडे फुटत होते. अर्विडने घोट घेतला. नुसती कडू, जळकी. कॉफीचा वास कपात नव्हता, होता नव्हता तो वाफेबरोबर स्वयंपाकघरभर गेला होता. एकतीस वर्षांत एल्नाने त्याला असली कॉफी कधी दिली नव्हती.

"बघ!" हिल्मा म्हणाली. "करून बसलास ना?"

ड्वेनचा चेहरा पडला. जायला उठला तेव्हा दरवर्षीचाच प्रश्न त्याने पुन्हा विचारला, बहुधा दुसरं काही सुचलं नाही म्हणून. "हा थर्मास घेतलास तरी कुठून? मला तसलाच घ्यायचाय."

"थर्मासाचं काय घेऊन बसलास," हिल्मा म्हणाली. "पोलादाला कसली आलीय चव! जुन्या कॉफीचं तेल आत चिकटतं, झाकणाच्या रबरी कड्याखाली साचतं, खवट होतं, आणि तुम्ही म्हणता लोखंड लागतंय. एल्ना रोज कडं काढून धुवायची. दर शनिवारी खायचा सोडा आणि उकळतं पाणी घालून ठेवायची. रात्री झाकण उघडं ठेवायची, आत दमट राहू नये म्हणून. पहाटे आधी उकळतं पाणी भरून थर्मास तापवायची, ते ओतून मग ताजी कॉफी काठोकाठ. दूध कधी आत घातलं नाही, त्याची बाटली वेगळी."

अर्विड ऐकत राहिला. यातलं एक अक्षर त्याला ठाऊक नव्हतं. रोज पहाटे तो बूट चढवायचा, थर्मास टेबलावर तयार असायचा. रोज संध्याकाळी तो सिंकमध्ये ठेवताना म्हणायचा, "थर्मास चांगला आहे." एल्ना म्हणायची, "हं."

एकतीस वर्षं त्याने भांड्याचं कौतुक केलं होतं.

ड्वेन दारात ताटकळत उभा होता. "मग? कुठला घेऊ?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातला आहे," अर्विड म्हणाला. "कुणालाही मिळतो. साधाच आहे."

ड्वेन गेला. अर्विडने उरलेला कप ओतून घेतला. हिल्मा ती जरा ऊन करायला शेगडीकडे वळली, तर तो म्हणाला, "नको, अशीच."

कॉफी कोमट होती, जेमतेम. पण ती ऊब एल्नाने मंगळवारी पहाटे भरलेली होती, मायक्रोवेव्हची नव्हती. चव उतरली होती, पण लोखंड कुठेच लागत नव्हतं. तो ती सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग तो सिंकपाशी गेला आणि झाकणातलं रबरी कडं काढायला लागला. बोटं जाडी, कडं निसटत होतं. हिल्मा मदतीला पुढे आली, त्याने मानेनेच नको म्हटलं.

कडं निघालं. खालची खाच लख्ख होती. एवढीशी, कुणाला दिसणार नाही अशी जागा, रोज घासलेली.

"कॉफी चांगली होती," तो त्या खाचेकडे बघत म्हणाला, आणि मग त्याला उभं राहवेना.