वाढत्या अंगाचा कॉस्च्युम

मावशीच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला, तेव्हा तिला गुडघ्यांपेक्षा कॉस्च्युमची काळजी जास्त. जवळच्या दुकानात होते ते सगळे पोरींचे, म्हणून ऑनलाइन मागवायचं ठरलं. मावशीने आजवर ऑनलाइन साधा रुमालही घेतला नव्हता. तिची भाची या नात्याने हे लचांड माझ्या गळ्यात पडलं.

गुडघ्यापर्यंत पायांचा, अर्ध्या बाह्यांचा, काळा एक तिला पसंत पडला. पण खाली लिहिलं होतं, की हा कपडा परत घेतला जाणार नाही.

"म्हणजे चुकला तर?"

"चुकला तर कपाटात."

"कपाटात नाही. मग मी जाणारच नाही," मावशी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती. आधीच कशीबशी तयार झाली होती, एवढं निमित्त तिला पुरलं असतं.

मापं घ्यायला सांगून मी चहा टाकला. येऊन बघते तर बाईने आपला कुर्ता पलंगावर पसरला होता आणि त्याच्यावर टेप फिरवत होती.

"तू तुझं माप घे, कुर्त्याचं कशाला?"

"कुर्ता माझाच आहे ना?"

तो कुर्ता तिचा होता, पण त्यात आम्ही दोघी मावलो असतो. आमच्या घरात कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची आजीची रीत. त्यातून मावशी धाकटी, म्हणून तिला माझ्या आईचे उतरलेले कपडे, तेही आधीच मोठे. साठी जवळ आली तरी अंग कधी वाढेल सांगता येत नाही, असा तिचा हिशोब. कुर्त्याच्या मापाने साइज निघाला डबल एक्सेल.

मी तिला तक्त्याखालची ओळ दाखवली: ही मापं अंगाची आहेत, कपड्याची नाहीत. पाण्यात कपडा सैल पडतो, म्हणून तो अंगाला घट्टच हवा.

छाती, कंबर, हिप मी घेतलं. चौथा रकाना होता धडाचा. टेप खांद्यावरून पुढून खाली, पायांमधून मागे, परत त्याच खांद्याला. मावशीने टेप माझ्या हातातून काढून घेतली आणि बाथरूमचं दार लावलं. आतून आवाज आला, "एकोणसाठ. आणि हसायचं नाही."

चारही मापं मीडियममध्ये बसली. मी 'मागवा' दाबणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "लोक काय म्हणतात ते वाच की."

लोक म्हणत होते, एक साइज मोठा घ्या. एकटी नाही, पानभर बायका.

"बघ," मावशी म्हणाली. "माझी आई काही वेडी नव्हती."

खरं सांगते, मीही डगमगले. तक्ता एक सांगतो, जग दुसरं. मी लार्जवर बोट ठेवलं. पण मावशीला वाचनाची चटक लागली होती. पाच ताऱ्यांच्या कौतुकावर तिचा विश्वास नव्हता, एका ताऱ्यावाल्या खोकं फाटल्याबद्दल भांडत होत्या. तिला आवडल्या तीन ताऱ्यांच्या, कारण त्या नीट तक्रार करत.

"अगं, या मोठा घ्या म्हणणाऱ्या बघ. ही पाच फूट सात. ही पाच आठ. खांदे रुततात म्हणतायत. रुतणारच, धड लांब त्यांचं." मग तिने चष्मा सारखा केला. "आणि ही माझ्याएवढी. पाच फूट. लोकांचं ऐकून मोठा घेतला, पाठीत पाणी भरलं, खांदे घसरले, म्हणते. दोन तारे दिलेत बिचारीने."

तिने त्या बुटक्या बाईची तक्रार पुन्हा एकदा वाचली.

"मीडियम घे," ती म्हणाली. "घाबरते मी, पण घे."

खोकं आलं तेव्हा कपडा बाहुलीचा वाटला. मावशीचा चेहरा पडला. ती आत गेली. बराच वेळ धडपड ऐकू आली.

बाहेर येऊन तिने हात वर करून, कमरेत वाकून, पुन्हा सरळ होऊन पाहिलं. कुठे रुतत नव्हतं, कुठे झोळ नव्हता.

"कसा आहे?" मी विचारलं.

ती आरशासमोर उभी होती. "माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसून रडली. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गं." मलाही भरून आलं. आम्ही सगळ्यांनी तिला कायम कुणाच्या तरी कपड्यात पाहिलं होतं, आणि तिला तसं पाहायची सवय करून घेतली होती.

पाण्यातल्या व्यायामाच्या पहिल्या तासानंतर ओल्या केसांनीच तिने माझ्याकडून फोन मागितला आणि एका बोटाने टाइप करत बसली:

"उंची पाच फूट, धड एकोणसाठ इंच, मीडियम घेतला. तासभर पाण्यात होते, पाठीत पाणी भरलं नाही, खांदे जागेवर. बुटक्या बायकांनी उंच बायकांचं ऐकू नये. वाढत्या अंगाचा घेऊ नका."