बाराव्या घरातला जावई

पॉलिहाउसमध्ये गुलाब उमलले होते. सावळीरामांचा चहा निवला होता. हॉलंडचा योरिस ओट्यावर मांडी घालायची खटपट करत होता. नवसाबाईंच्या हातात एक पिवळी पडलेली पत्रिका होती.

गुलाबशेती शिकवायला नाशिकजवळच्या मखमलाबादला आलेल्या योरिसशी हेमलताला लग्न करायचं होतं. तिच्या वडिलांचा, सावळीरामांचा, नकार जुन्या ज्योतिषाच्या एका वाक्यावर उभा होता: सप्तमेश व्ययात, सोबत राहू, संसार टिकणार नाही.

आत्या नवसाबाई स्वतः पत्रिका बघायच्या. "दादा, पोरीचं कन्या लग्न, म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर कन्या राशीचं. सातवं घर जोडीदाराचं, तिथं मीन रास, तिचा मालक गुरू. तो बाराव्यात राहूजवळ बसलाय. बारावं खर्चाचं, तसंच परदेशाचंही. राहू म्हणजे परका, जातीबाहेरचा. नवरा परदेशीच लिहिलाय."

"आन् खर्चाचं काय?"

"लेक सातासमुद्रापार चालली, आणखी कसला खर्च पाहिजे तुला? गुरू मित्राच्या राशीत आहे, संसार टिकेल. आणि राहूच्या महादशेत गुरूचं अंतर, म्हणजे पोटदशा, गेल्या सप्टेंबरपासून सुरू आहे. वेळ हीच."

 सावळीराम उठून ओट्यावर गेले.

"जावईबापू, बूट आत ठिवा. आमचं कुत्रं लय वाईट हाय."

हेमलता दारातच हसायला लागली. योरिसला काही कळलं नाही, तरी त्याने बूट उचलले.

तो नाशिकला पहिल्यांदा उतरला ते गेल्या ऑक्टोबरात, गुरूचं अंतर लागलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात.