एकवीस लाखांचं अचूक इतिवृत्त

वरच्या अधिकाऱ्यांचे पगार आणि शेअर ठरवणाऱ्या मोबदला समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. ओहायोतल्या आमच्या पंप बनवणाऱ्या कंपनीची मी चिटणीस. वीस वर्षांत एक गोष्ट कळली: संचालक बोलतात एक, त्यांना लिहून हवं असतं दुसरं, आणि त्या दोहोंतल्या अंतरासाठी मला पगार मिळतो.

त्या दिवशी टेबलावर दोन प्रकरणं होती.

पहिलं आमच्या मुख्याधिकाऱ्याचं, ब्रेंट हालवर्सनचं. तीन वर्षांच्या योजनेत भांडवलावरचा परतावा ठरलेल्या टक्क्यांवर गेला म्हणून त्याला भरघोस शेअर मिळाले होते. मग कळलं, ओहायोतल्याच लिमा गावच्या कारखान्यातला शिल्लक माल फुगवून दाखवला होता. हिशेब नव्याने जाहीर करावे लागले, परतावा घसरला. अशा वेळी जास्तीचं दिलेलं परत घ्यावंच लागतं, चूक कुणाची हे कायदा विचारत नाही. करापूर्वीची रक्कम निघाली एकवीस लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे सदतीस डॉलर.

दुसरं प्रकरण डोरीन केसलरचं. लिमाच्या कारखान्याचे हिशेब बघणारी. वरून हुकूम आला म्हणून तिने फुगवलेल्या आकड्यांवर सही केली, दोन तिमाही झोप लागली नाही, मग तिनेच ऑडिटरना पत्र लिहिलं. तिचे एकसष्ट हजार डॉलरचे शेअर तीन वर्षांपासून अडकवून ठेवलेले, मार्चमध्ये हातात पडायचे. त्यानंतर ती निवृत्त होणार होती.

समितीचे अध्यक्ष लोवेल हॅच चिकन सॅलड चिवडत म्हणाले, "डोरीनचं रद्द करू. आपल्या नियमावलीत गैरवर्तनाचं कलम आहेच. एक संदेश जायला हवा."

"कसला संदेश, लोवेल?" मी विचारलं.

"अगं ग्रेटा, तिने पत्र लिहिलं नसतं तर ही वेळच आली असती का?"

मी ते लिहून घेतलं.

दिलेला पैसा परत मागायचा म्हणजे वकील, नोटिसा, पाचशे पानं. न दिलेला पैसा रद्द करायचा तर एक रेघ पुरते. म्हणून आमच्याकडे न्याय नेहमी रेघेच्या बाजूने सुरू होतो.

मग ब्रेंट. मोबदला सल्लागार प्रेस्टनने कागद पुढे सरकवला. ब्रेंटला कंपनीत टिकवून ठेवण्यासाठी नवे शेअर. कामगिरीची अट नाही, दोन वर्षं खुर्चीत बसला की झालं. किंमत: एकवीस लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे सदतीस.

"शेवटच्या डॉलरपर्यंत तोच आकडा?" मी म्हटलं.

"योगायोग," प्रेस्टन म्हणाला. त्याच्या तक्त्यात एक रकाना दुसऱ्याला जोडलेला होता, एवढाच तो योगायोग.

"बिचाऱ्याचं नुकसान तर भरून निघालं पाहिजे," लोवेल म्हणाले. "स्वतःच्या खिशातून एवढं द्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे?"

"इतिवृत्तात रक्कम गोल करून लिहू?"

"गोल कशाला? आपण अचूक माणसं आहोत. जसं झालं तसं लिही."

मी लिहिलं, जसं झालं तसं. वर्षअखेर असल्याने कच्चं इतिवृत्त त्याच दिवशी ऑडिटर आणि बाहेरच्या वकिलाकडे जातं. हा नियम लोवेल यांनीच सहा वर्षांपूर्वी मंजूर केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः माझ्या टेबलापाशी उभे. चेहरा सॅलडच्या पानासारखा.

"ग्रेटा, 'नुकसान भरून' हे शब्द तू लिहिलेस?"

"तुम्ही बोललात, मी लिहिले."

"वकील म्हणतो, वसूल केलेल्या रकमेची भरपाई कंपनीला कुठल्याच वाटेने करता येत नाही. शेअरबाजार आपल्याला यादीतून काढेल! आणि डोरीनबद्दलचं ते वाक्य... म्हणतो, हा तक्रार करणाऱ्यावर सूड ठरतो. दोन्ही पुसून टाक."

"ऑडिटरच्या टेबलावर आहे, लोवेल. तिथून पुसायचं तर गैरवर्तनाचं कलम आपल्यालाच लागेल."

त्यांनी माझा स्टेपलर उचलला, परत ठेवला आणि पुन्हा बैठक बोलवायला सांगितली.

त्याच आठवड्यात समिती पुन्हा बसली, दहा मिनिटं. ब्रेंटचे नवे शेअर मागे घेतले. वसुलीची नोटीस गेली; त्याने हप्ते मिळतील का असं विचारलं, एवढी लाज मात्र शिल्लक होती. डोरीनचे शेअर जसे होते तसे राहिले.

मार्चमध्ये तिचा फोन आला. "ग्रेटा, आभार कुणाचे मानू?"

"कुणाचेच नकोत. तुझे तुला मिळाले."

"मग इतके दिवस मला भीक मागितल्यासारखं का वाटत होतं?"

लोवेल अजून अध्यक्षच आहेत. बैठकीत आता ते बोलण्याआधी माझ्या पेनाकडे बघतात, आणि पेन हलत असलं तर गप्प बसतात. मी ते सारखं हलवत ठेवते.